तुलसीदासांचे ‘समकालीन’ चरित्र आणि त्यातला कालविपर्यास

जुन्या चरित्रात चमत्कार दिसले की वाचक म्हणतो, हे मागाहून रचलेले असणार. आणि त्यात संवत, महिना, तिथी, वार असे सगळे काटेकोर दिलेले असले की तोच वाचक म्हणतो, हे पाहणाऱ्यानेच लिहिले असणार. दोन्ही समज उलटे आहेत. का, ते ‘मूल गोसाईं चरित’ या हिंदी पद्यचरित्रावरून फार चांगले कळते. हे चरित्र तुलसीदासांचे शिष्य बेणीमाधवदास यांनी संवत 1687 मध्ये, म्हणजे इसवी सन 1630 मध्ये लिहिले, असे ते स्वतःच सांगते. तुलसीदास संवत 1680 मध्ये गेले. म्हणजे गुरूच्या निधनानंतर अवघ्या सात वर्षांत शिष्याने लिहिलेले चरित्र! ते वाचकांसमोर आले मात्र 1920च्या दशकात. श्यामसुंदर दासांसारख्या मोठ्या अभ्यासकाने त्यावर भिस्त ठेवली, तर रामचंद्र शुक्लांनी ते बनावट मानले.

आधी चमत्कारांचे पाहू. नाभादासांच्या ‘भक्तमाल’मध्ये तुलसीदासांवर एकच छप्पय आहे आणि त्यात चरित्राचा तपशील जवळजवळ नाही. प्रियादासांनी 1712 मध्ये त्यावर टीका लिहिली, तोवर अद्भुत कथांची मालिका तयार झालेली होती. एवढ्यावरून कथा वाढत जातात हे दिसते; पण ज्या ग्रंथात चमत्कार आहे तो उशिराचाच, असे ठरत नाही. संतांविषयी अशा कथा त्यांच्या हयातीतही पसरतात आणि श्रद्धाळू शिष्य त्या मनापासून लिहितो. तीच गोष्ट असंभाव्य वाटणाऱ्या आकड्यांची. या चरित्रात जन्म संवत 1554चा आहे. तो धरला तर तुलसीदास सव्वाशे वर्षे जगले आणि ‘रामचरितमानस’ त्यांनी सत्याहत्तराव्या वर्षी सुरू केले, कारण आरंभाचे संवत 1631 हे वर्ष ‘मानस’मध्येच दिलेले आहे. हे पटायला जड आहे. पण पटायला जड असणे वेगळे आणि त्या काळात अशक्य असणे वेगळे.

फारसी-अरबी शब्द सापडले म्हणजे रचना अलीकडची, असेही पुष्कळदा सांगितले जाते. तुलसीदास स्वतः रामाला ‘गरीबनिवाज’ म्हणतात, तेव्हा ही कसोटी इथे चालत नाही. शिवाय नकलकार जुन्या शब्दांची वळणे आपल्या काळाप्रमाणे बदलत असत. त्यामुळे नव्या धाटणीचा एखादा शब्दप्रयोग हाती असलेल्या प्रतीचे वय सांगेल, मूळ रचनेचे नव्हे.

तिथी-वारांचा मोह मात्र सर्वांत मोठा. अमुक संवत, अमुक तिथी, अमुक वार असे लिहिलेले असले की ते गणिताने पडताळता येते. रॉबर्ट स्यूएल आणि आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 मध्ये भारतीय पंचांगाची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे काम सोपे झाले. पण जुळण्याचा अर्थ काय, हे नीट पाहिले पाहिजे. मनाने टाकलेला वारसुद्धा सातांतून एकदा जुळतोच. त्यात महिना अमान्त धरायचा की पौर्णिमान्त, संवत चैत्रादी की कार्तिकादी, चालू की गत, असे पर्याय मोकळे ठेवले तर जुळण्याची शक्यता आणखी वाढते. आणि रचणाऱ्याच्या हाताशी कोष्टके असतील तर सगळ्याच तिथी जुळतील. उलट, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या घटनेचा वार सांगताना खरा शिष्यही चुकू शकतो. म्हणून जुळलेली तिथी हा पुरावा नाही आणि न जुळलेली तिथी हाही, एकटा असेल तर, निर्णायक पुरावा नाही.

मग निर्णायक काय? या चरित्रात संवत 1616 सुरू होताच सूरदास तुलसीदासांना भेटायला येतात आणि त्यांना पाठवणारे आहेत गोकुलनाथ. गोकुलनाथ हे वल्लभाचार्यांचे नातू. त्यांचा जन्म संवत 1608चा. म्हणजे वृद्ध सूरदासांना धाडणारे हे आचार्य तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचे होते. संप्रदायाची धुरा त्यांचे वडील विठ्ठलनाथ वाहत होते आणि पुढेही बरीच वर्षे तेच वाहत राहिले. इथे नुसता आकडा चुकलेला नाही, चूक कोणत्या दिशेने झाली आहे ते पाहण्यासारखे आहे. वैष्णवांच्या ‘वार्ता’ गोकुलनाथांच्या नावावर आहेत आणि सूरदासांची कथा पुढच्या पिढ्यांना त्या ‘वार्तां’मधूनच कळली. म्हणून मागाहून पाहणाऱ्याच्या मनात सूरदासांशेजारी गोकुलनाथ सहज उभे राहतात. त्या काळात वावरणाऱ्याच्या मनात विठ्ठलनाथ आले असते. नंतर मोठा झालेला माणूस आधीच मोठा दिसतो, तेव्हा लिहिणारा पुढच्या काळातून मागे पाहत असतो. तरीही हा पुरावा एवढेच सांगतो की लिहिणारा या घटनांच्या जवळचा नव्हता. तो नेमका कधीचा, हे यातून कळत नाही.

ते कळते दुसऱ्या जागी. काशीच्या मंदिरात ‘मानस’ ठेवले गेले आणि त्यावर शंकराची मोहोर उमटली, या कथेत ‘सत्यं शिवं सुंदरम्’ हे शब्द येतात. मराठी वाचकालाही ते उपनिषदांइतके प्राचीन वाटतात. पण हे त्रिकूट म्हणून जोडलेले वचन उपनिषदांत नाही. सत्य, शिव आणि सुंदर यांची ही जोडणी युरोपीय तत्त्वचिंतनातून आली. फ्रान्सच्या व्हिक्टर कूझँचे याच तीन तत्त्वांवरचे व्याख्यान-पुस्तक एकोणिसाव्या शतकात गाजले होते. आपल्याकडे ती जोडणी संस्कृत रूपात आधी ब्राह्मो समाजात रुळली आणि तिथून बंगाली व हिंदी साहित्यविचारात आली. शुक्लांनी नेमके याच ओळीवर बोट ठेवले. 1630चा म्हणवणाऱ्या ग्रंथात ती असणे म्हणजे ग्रंथ, निदान ती ओळ, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीची नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तिन्ही शब्द तर जुनेच. सतराव्या शतकातल्या कवीने ते सहज शेजारी ठेवले नसतील कशावरून? एकेक शब्द सुटा पाहिला तर हे नाकारता येत नाही. पण इथे तीन शब्द आहेत, ठरलेल्या क्रमाने आहेत आणि एका काव्यग्रंथाचे मूल्य सांगण्यासाठी वापरले आहेत, आधुनिक समीक्षा ते वापरते अगदी तसेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तो एक छंद मागाहून घुसवलेला असेल आणि बाकीचा ग्रंथ जुना असेल. अशी घुसवाघुसव खरोखर होते, आणि हाती एवढी एकच ओळ असती तर निकाल राखून ठेवावा लागला असता. पण गोकुलनाथांचा प्रसंग वेगळ्या ठिकाणी आहे. कवी केशवदासांचीही तीच गत: त्यांनी ‘रामचंद्रिका’चे संवत 1658 हे वर्ष त्या ग्रंथातच नोंदवले आहे, तर या चरित्रात ती बरीच वर्षे आधी, तुलसीदासांच्या भेटीपाठोपाठ एका रात्रीत लिहून होते. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या जागी अशा विसंगती निघाल्या की एक छंद काढून टाकून ग्रंथ वाचत नाही.

बेणीमाधवदासांच्या एका ‘गोसाईं चरित’चा उल्लेख शिवसिंह सेंगर यांच्या 1878च्या ‘शिवसिंह सरोज’मध्ये होता आणि तो ग्रंथ मिळत नव्हता. ‘मूल गोसाईं चरित’ त्याच हरवलेल्या ग्रंथाचा संक्षेप म्हणून पुढे आले. त्या नावाचा जुना ग्रंथ कधीच नव्हता, असे यावरून सिद्ध होत नाही. तो उद्या मिळू शकेल. मात्र छापून आलेल्या या चरित्रातील जन्मसंवत, मीरेने तुलसीदासांना पाठवलेले म्हणून सांगितलेले पत्र, कवींच्या भेटी यांपैकी ज्याला दुसरा स्वतंत्र आधार नाही, ते सतराव्या शतकाची साक्ष म्हणून पुढे करता येत नाही.