किरकोळ विक्री दालनाच्या व्यवस्थापकाच्या परिचयपत्राचे मूल्यमापन : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील शेजारी शहरे असली, तरी त्यांच्या बाजारपेठांचा स्वभाव एकसारखा नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार अशा पेठांतून तेथील व्यापार वाढला आणि त्यातील बहुसंख्य दुकाने आजही मालकाच्या कुटुंबाच्या हाती आहेत. अंबरनाथच्या बाजाराला आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहतीतील पगारदारांचा आधार आहे, तर बदलापूरचा ग्राहक सकाळच्या लोकलने मुंबई-ठाण्याकडे जातो आणि रात्री परततो. या तिन्ही ठिकाणी आता साखळी दालने व सुपरमार्केट आली आहेत. साहजिकच दालन-व्यवस्थापकपदासाठीचे परिचयपत्र, ज्याला व्यवहारात बायोडाटा म्हणतात, ते वाणिज्य विभागातील प्राध्यापकांच्या हाती वरचेवर येऊ लागले आहे. कधी ते माजी विद्यार्थ्याचे असते, कधी नोकरी-मार्गदर्शन कक्षाकडे अभिप्रायासाठी आलेले असते.

अशा परिचयपत्रांत टक्केवारीची रेलचेल असते. परंतु टक्केवारी कोणत्या पायावर काढली, हे त्यात क्वचितच असते. परिणामी ज्याला मुख्यालयाकडून छापील अहवाल मिळतो तो उमेदवार कर्तबगार दिसतो आणि ज्याने तेच काम गल्ल्यावर बसून केले त्याचे परिचयपत्र रिकामे भासते. एका नमुना परिचयपत्राच्या आधारे हा पाया कसा शोधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नमुन्यातील आकडे स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत.

विक्रीचा आकडा

समजा, उल्हासनगरमधील तयार कपड्यांच्या एका दालनाचा व्यवस्थापक बदलापूरमधील दालनासाठी अर्ज करतो. परिचयपत्रात तो लिहितो : “वार्षिक विक्री २.४० कोटी रुपयांवरून ३ कोटींवर नेली. वाढ २५ टक्के.” हे विधान खोटे नाही. मात्र चौकशीत कळते की त्या वर्षाच्या आरंभी शेजारचा गाळा घेऊन दालनाचे क्षेत्रफळ २,००० चौरस फुटांवरून २,५०० चौरस फूट करण्यात आले होते. आता भागाकार केल्यास आधीच्या वर्षी प्रति चौरस फूट विक्री १२,००० रुपये होती आणि नंतरच्या वर्षीही ती १२,००० रुपयेच आहे. वाढ झाली ती जागेची. गाळा घेण्याचा निर्णय व भांडवल मालकाचे असल्याने ते २५ टक्के उमेदवाराच्या नावावर जमा करता येत नाहीत.

तथापि येथेच थांबणे उमेदवारावर अन्याय करणारे ठरेल. नवी जागा पहिल्याच वर्षी जुन्या जागेइतकी विक्री देतेच असे नाही. ती दिली असेल तर त्यात मांडणी व माणसे हाताळण्याचे काही कौशल्य असू शकते. ते पाहण्यासाठी विक्रीचे आणखी दोन भाग करावे लागतात : बिलांची संख्या व सरासरी बिल. आधीची २.४० कोटींची विक्री १,२०० रुपयांच्या २०,००० बिलांची होती. नंतरची ३ कोटींची विक्री १,२५० रुपयांच्या २४,००० बिलांची आहे. म्हणजे बिले २० टक्क्यांनी वाढली, पण प्रत्येक ग्राहकाची खरेदी जेमतेम ४ टक्क्यांनी. तेवढी वाढ कपड्यांच्या किमतीतील सर्वसाधारण वाढीनेही होऊ शकते. शर्ट घेणाऱ्या ग्राहकास पँट दाखविण्याचे काम, जे विक्रेत्यांकडून करवून घेणे हे व्यवस्थापकाचे खरे कसब, ते येथे फारसे झालेले दिसत नाही. मुलाखतीत बिलांची संख्या विचारली असता ज्याने दालन खरोखर चालविले आहे तो अंदाजाने का होईना, पण लगेच उत्तर देतो.

एका महिन्याची वाढ दाखविणारा आकडा तर अधिकच जपून घ्यावा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. दिवाळीच्या खरेदीचा मोठा भाग त्यामुळे २०२४ मध्ये ऑक्टोबरात सरकला. “ऑक्टोबरमध्ये मागील वर्षापेक्षा ४० टक्के वाढ” हे विधान अशा वर्षी पंचांगाचे कर्तृत्व सांगते. ऑक्टोबर व नोव्हेंबर यांची बेरीज मागितली की हा प्रश्न मिटतो.

मालसाठ्याची तूट

त्याच परिचयपत्रात पुढे लिहिले आहे : “मालाची तूट १.१ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आणली.” तूट म्हणजे हिशेबाने जो माल असायला हवा आणि मोजणीत जो प्रत्यक्ष आढळतो, त्यांतील फरक. हा हिशेब विक्री-किमतीत मांडू. वर्षारंभीचा साठा ६० लाख, वर्षभरात आलेला माल ३२० लाख. त्यातून विक्री ३०० लाख, दरकपात १२ लाख आणि पुरवठादारास परत केलेला माल ४ लाख वजा केला की ६४ लाखांचा माल उरायला हवा. मोजणीत ६२.२० लाखांचा आढळला. तूट १.८० लाख, म्हणजे विक्रीच्या ०.६ टक्के. येथवर दावा खरा आहे.

पण वजाबाकीतील दरकपात पाहावी. यंदा ती १२ लाख, म्हणजे विक्रीच्या ४ टक्के आहे. आदल्या वर्षी ती ५ लाख, सुमारे २.१ टक्के होती. तूट व दरकपात एकत्र धरल्यास आदल्या वर्षी छापील किमतीतून ३.२ टक्के गेले आणि यंदा ४.६ टक्के. तुटीचा आकडा सुधारला, मात्र दालनाच्या हातून अधिक रक्कम निसटली. हरवलेला नग “डागी म्हणून कमी दरात काढला” अशी नोंद केली की तो तुटीतून उठून दरकपातीत बसतो आणि मोजणीत फरक दिसत नाही. असे झालेच असेल असे नव्हे. हंगामाअखेरच्या सेलमध्ये ठरावीक तारखांना, मालकाच्या मंजुरीने, जुन्या मालावर दिलेली सूट हा सरळ व्यवहार आहे. संशयास जागा तेव्हा, जेव्हा कपातीच्या नोंदी मोजणीच्या आदल्या आठवड्यात दाटतात आणि एकेका सुट्या नगावर असतात. म्हणून “दरकपातीस मंजुरी कोण देत असे, आणि मोजणी कोण करीत असे?” हा प्रश्न तुटीच्या टक्केवारीपेक्षा अधिक सांगून जातो. दोन्हींचे उत्तर “मीच” असे असेल, तर ०.६ हा आकडा उमेदवाराने स्वतःच स्वतःला दिलेला गुण होय.

या परिसरात पुराचाही विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत व पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीकाठच्या सखल भागांत पाणी शिरले. तळमजल्यावरील गोदामात भिजलेला माल ही नित्य तूट नव्हे. त्याचा पंचनामा व विम्याचा दावा स्वतंत्र असतो. अशा वर्षी तूट वाढली म्हणून उमेदवारास दोष देता येत नाही. उलट पावसाळ्यापूर्वी माल फळ्यांवर उचलून ठेवला होता काय, हे अवश्य विचारावे.

कपड्यांतील हा आकडा किराणा-भाजीपाल्याच्या दालनास लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तेथे नासाडी व मुदत संपलेला माल यांचीच तूट मोठी असते.

कर्मचारी व पाळ्या

“१४ कर्मचाऱ्यांचे पर्यवेक्षण” या ओळीत प्रथम हे पाहावे की १४ मध्ये कंपन्यांनी आपल्या खर्चाने उभे केलेले प्रमोटर धरले आहेत काय. त्यांची रजा व पगार व्यवस्थापकाच्या हाती नसतो. त्यानंतर वर्षभरात किती जण सोडून गेले, हे विचारावे.

पाळ्यांबाबतचा दावा मात्र साध्या गुणाकाराने तपासता येतो. दालन सकाळी १० ते रात्री १०, सातही दिवस उघडे असेल, तर आठवड्याचे ८४ तास होतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील ४८ तासांचा आठवडा प्रमाण धरल्यास १४ जणांचे ६७२ तास मिळतात. म्हणजे कोणत्याही वेळी सरासरी ८ जण, आणि रजा वजा जाता सुमारे ७. परिचयपत्रात “दालनात सदैव १२ कर्मचारी” असे असेल, तर आठवड्याला १,००८ तास लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला ते ७२ येतात. मग एक तर विधान चुकीचे आहे, नाही तर माणसे ४८ तासांच्या मर्यादेपलीकडे राबविली गेली आहेत. जादा कामाचा दुप्पट मोबदला दिला गेला काय, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो.

संख्येइतकीच वेळेची वाटणी महत्त्वाची. साप्ताहिक सुट्टी वगळता रोज १२ जण कामावर असतात. १० ते ७ आणि १ ते १० अशा दोन पाळ्यांत ६-६ जण वाटल्यास दुपारी १ ते ७ या वेळेत सर्व १२ जण दालनात असतात आणि ७ नंतर फक्त ६ उरतात. उल्हासनगरच्या कापड पेठेत, जेथे बाहेरगावचे दुकानदार दिवसा खरेदी करून परततात, तेथे ही वाटणी चालून जाते. बदलापुरात मात्र लोकलमधून उतरलेला ग्राहक नेमका ७ नंतर येतो. तेथे पहिल्या पाळीत ४ आणि दुसरीत ८ अशी वाटणी केली, की त्याच पगारखर्चात रात्री दोन माणसे अधिक मिळतात. मात्र दुसऱ्या पाळीतील कर्मचारी १० नंतर घरी कसे पोचतात आणि रविवारच्या मेगाब्लॉकला सकाळी कुलूप उघडणारा कोठे राहतो, याची सोय ज्याने केली आहे, त्यालाच ही वाटणी टिकविता येते. नमुन्यातील उमेदवारास “बदलापूरसाठी पाळीपत्रक कसे लावाल?” असे विचारून कोरा कागद द्यावा. त्याने उल्हासनगरचीच ६-६ वाटणी उतरविली, तर वीस वर्षांचा अनुभवही एका पेठेपुरता आहे असे समजावे.

छापील अहवाल नसलेला उमेदवार

कुटुंबाच्या दुकानात खरेदी बहुधा शेठजी करतात. त्यामुळे तेथील व्यवस्थापकाने “खरेदीची जबाबदारी” लिहिली असेल तर तिची मर्यादा विचारून घ्यावी. पण त्याच्याजवळ टक्केवारी नाही म्हणून त्याला बाजूस सारणे योग्य नव्हे. रोजच्या गल्ल्याची वही, बिलबुकांचे अनुक्रमांक आणि हजेरीपत्रक एवढ्यावरून बहुतेक आकडे उभे करता येतात. एका महिन्यातील पहिल्या व शेवटच्या बिलाच्या क्रमांकांवरून बिलांची संख्या निघते. गल्ल्याच्या बेरजेत उधारी व ऑनलाइन जमा मिळवून तीस त्या संख्येने भागले की सरासरी बिल मिळते. हजेरीपत्रकावरून गळती दिसते. तूट मात्र अशा दुकानात सहसा काढता येत नाही, कारण पूर्ण मोजणी झालेलीच नसते. तेव्हा परिचयपत्रात तुटीचा रकाना मोकळा सोडून त्याऐवजी “दर शनिवारी एका कपाटाची मोजणी करून वहीशी पडताळणी” असे जे प्रत्यक्ष केले ते लिहावे, असा सल्ला प्राध्यापकांना विद्यार्थ्यास देता येईल. दालनाचा मालक ती वही मागू शकतो आणि उमेदवार ती दाखवू शकतो.