उणे दोन वानरे

वानरांचा एक कळप आहे. कळपाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे आणि जे उरेल त्याचा वर्ग करायचा. तेवढी वानरे गुहेत गेली. राहिले एक, ते झाडाच्या फांदीवर चढून बसलेले दिसते आहे. तर कळपात वानरे किती?

हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला आणि ‘बीजगणित’ हा त्याचाच एक भाग. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आजही आहे. त्या मठात वानरांच्या या कळपावर कितीजणांनी डोके खाजवले असेल, असे मला नेहमी वाटते. कारण उदाहरण दिसते चार ओळींचे, पण ते सुटल्यावरच खरे अडचणीत टाकते.

गेल्या महिन्यात मी ते माझ्या दहावीतल्या भाचीला घातले. वर्गसमीकरणे तिची नुकतीच झाली होती. भास्कराचार्यांनी एकच अव्यक्त राशी, ‘यावत्-तावत्’, घेऊन हे सोडवले आहे. आम्ही मात्र दोन घेतल्या. कळपातली एकूण वानरे क्ष, आणि ज्या संख्येचा वर्ग करायचा आहे ती य. असे केले की एका लांबलचक वाक्याची दोन छोटी समीकरणे होतात.

य = क्ष/५ − ३
क्ष = य² + १

पहिले रेषीय, म्हणजे त्याचा आलेख सरळ रेषा. दुसऱ्यात वर्ग आहे, त्याचा आलेख अन्वस्त. क्ष आणि य यांची अशी जोडी हवी आहे, जी रेषेवरही असेल आणि अन्वस्तावरही, म्हणजे त्यांच्या छेदनबिंदूंपैकी असेल.

रेषीय समीकरणातून एका चलाची किंमत काढून ती दुसऱ्यात ठेवायची, हे भाचीला ठाऊक होते. तिने पहिले समीकरण आहे तसे उचलले आणि य च्या जागी क्ष/५ − ३ लिहून वर्ग केला. वर्ग करताना मधले पद राहून गेले. मग तिला क्ष² − २५क्ष + २५० = ० असे काहीतरी मिळाले, त्याचा विवेचक ऋण आला आणि तिने खाली लिहून टाकले, ‘वास्तव मुळे नाहीत’. चुकीच्या उत्तरापेक्षा ही चूक फसवी, कारण हातात उत्तरच नसले की ताळा कशाचा घेणार? असे झाले की आलेख कागदावर दोन्ही आकृत्या हाताने काढून पाहाव्यात. रेषा अन्वस्ताला खरोखरच चुकवून जाते का, हे पाच मिनिटांत दिसते. इथे ती चुकवत नाही. अन्वस्ताचे नाक (१, ०) वर आहे आणि तोंड उजवीकडे. रेषा (०, −३) वरून निघते, अन्वस्ताच्या खालच्या बाहूला कापून आत शिरते, (१५, ०) वर आडवा अक्ष ओलांडते आणि मग फार पुढे जाऊन वरच्या बाहूला कापून बाहेर पडते. म्हणजे दोन बिंदू मिळायलाच हवेत.

दुसऱ्यांदा आम्ही अपूर्णांक आधीच घालवला. य = क्ष/५ − ३ म्हणजेच क्ष = ५(य + ३). ही किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवली.

५य + १५ = य² + १
य² − ५य − १४ = ०
(य − ७)(य + २) = ०

य ची किंमत ७ किंवा −२. आता प्रत्येक य साठी क्ष शोधायचा. तिने ७ चा वर्ग करून त्यात एक मिळवला, ५०. मग −२ चा वर्ग ४, अधिक एक, ५. कळपात पन्नास वानरे किंवा पाच. इथवर सगळे बरोबर होते. पण उणे दोन वानरे हे काही तिला पटेना. थोडा वेळ वहीकडे पाहत बसली, मग −२ मधले उणेचे चिन्ह खोडरबराने पुसून तिने (५, २) लिहिले आणि म्हणाली, “मावशी, दोनाचा वर्ग चार, चार नि एक पाच. बसतंय की!”

बसत होते, पण दुसऱ्या समीकरणात. मी म्हटले, “आता पहिल्यात ठेवून बघ.” पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले, उणे दोन. डावीकडे २, उजवीकडे −२. तिने पेन्सिल खाली ठेवली.

मला या लेखात सांगायचे आहे ते इथेच आहे. शाळेत ताळा म्हणजे शेवटची एक ओळ, वेळ उरला तर लिहायची. आणि बहुतेक जण जे समीकरण हाताशी सोपे असते त्यातच तो घेतात. पण या जोडीतली दोन समीकरणे दोन वेगवेगळ्या चुका पकडतात, आणि एकाला जी दिसते ती दुसऱ्याला अजिबात दिसत नाही.

वर्गाचे समीकरण चिन्हाला आंधळे आहे. २ आणि −२ यांचा वर्ग एकच, म्हणून (५, २) आणि (५, −२) हे दोन्ही बिंदू अन्वस्तावर आहेत. तसेच (५०, ७) आणि (५०, −७) हेही. क्ष मिळाल्यावर य शोधण्यासाठी कुणी वर्गाच्या समीकरणाकडे वळले, तर य² = ४९ वरून य = ±७ येते, आणि दोन छेदनबिंदूंच्या जागी चार बिंदू हातात पडतात. चारही अन्वस्तावर खरे उतरतात. त्यांतले दोन परके आहेत हे फक्त रेषा सांगू शकते.

आता रेषेचा आंधळेपणा पाहा. समजा अवयव पाडताना चिन्हे उलटी पडली, (य + ७)(य − २) असे लिहिले गेले. मग य = −७ किंवा २. या किमती क्ष = ५(य + ३) मध्ये ठेवल्या की क्ष येतो −२० किंवा २५. हे दोन्ही बिंदू रेषेच्या समीकरणात ठेवून पाहिले तर अगदी चोख बसतात. बसणारच, कारण क्ष आपण रेषेवरूनच तर काढला आहे. य च्या जागी कोणतीही संख्या, अगदी शंभर जरी घेतली असती तरी तो बिंदू रेषेवरच आला असता. असा ताळा शेवटचे बेरीज-गुणाकार बरोबर झाले एवढेच दाखवतो. वर्गाच्या समीकरणात ठेवले की मात्र लगेच उघडे पडते: −७ चा वर्ग ४९, अधिक एक ५०, आणि आपण म्हणत होतो −२०.

म्हणून चार ताळे घ्यावे लागतात, त्याहून कमी नाही. आणि तेही मूळ समीकरणांत. य² − ५य − १४ = ० हे आपण मध्ये तयार केलेले समीकरण; ते तयार करतानाच चूक झाली असेल तर त्यात घेतलेला ताळा ती चूक तशीच पुढे नेतो.

(५०, ७): ५०/५ − ३ = ७, आणि ७² + १ = ५०.
(५, −२): ५/५ − ३ = −२, आणि (−२)² + १ = ५.

चारही ताळे जुळले. दोन्ही बिंदू दोन्ही समीकरणांत खरे आहेत. तरीही भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर नाकारले. दुसरे उत्तर घेऊ नये, ते सुसंगत नाही; व्यक्त संख्या ऋण झाली की लोकांना ती पटत नाही, अशा अर्थाचे त्यांचे स्पष्टीकरण आहे. त्यांना ऋण संख्येची भीती होती असे यावरून कुणी समजू नये. ते ऋण राशीच्या डोक्यावर टिंब देऊन ती सर्रास वापरत, ऋणाला ऋणाने गुणले की धन येते असे नियम ‘बीजगणिता’च्या सुरुवातीलाच आहेत. नकार गणिताला नव्हता, तो वानरांमुळे होता. कळपाच्या पाचव्या हिश्श्यात एकच वानर असेल तर त्यातून तीन काढणार कुठून? समीकरणाला हा प्रश्न पडत नाही, आणि तो ताळ्यातही उमटत नाही. तो विचारायला उदाहरणाच्या शब्दांकडे परत जावे लागते.

दोन उत्तरांतले एक नेहमी टाकायचेच असते, असा समज मात्र यातून होऊ नये. त्याच ग्रंथात वानरांचे आणखी एक उदाहरण आहे: कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग एवढी वानरे वनात खेळत आहेत आणि बारा डोंगरावर ओरडत आहेत. इथे य = क्ष/८ आणि क्ष = य² + १२. किंमत ठेवली की य² − ८य + १२ = ०, म्हणून य = ६ किंवा २, आणि कळप ४८ चा किंवा १६ चा. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा, अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा हिस्सा दोन, वर्ग चार, अधिक बारा, सोळा. इथे भास्कराचार्य दोन्ही उत्तरे स्वीकारतात. डोंगरावर बाराऐवजी सोळा वानरे असती तर य² − ८य + १६ = ०, म्हणजे य = ४ आणि कळप ३२ चा, एवढे एकच उत्तर; रेषा अन्वस्ताला नुसती स्पर्श करून जाते. सतरा असती तर तसा कळपच असू शकत नाही.

हे सगळे झाल्यावरही भाचीचे मन त्या खोडलेल्या चिन्हावरच होते. “पण पाच वानरं, चार गुहेत, एक फांदीवर. हे खोटं कसं?” ती विचारत होती ते योग्यच होते. चार आणि एक पाच होतातच. मी तिला म्हटले, तुझा (५, २) ज्या रेषेवर आहे ती रेषा शोध. तिने आलेखावर आपली रेषा आडव्या अक्षापाशी आरशात उलटवली. ती (०, ३) वरून निघून खाली उतरते, आणि तिचे समीकरण य = ३ − क्ष/५. शब्दांत मांडले तर: कळपाचा पाचवा हिस्सा तिनातून वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली.

तिने पाचाचा पाचवा हिस्सा तिनातून वजा केला, दोन आले. दोनाचा वर्ग चार, अधिक फांदीवरचे एक, पाच. दोन्ही समीकरणांत (५, २) बसला. मग न सांगता तिने पन्नास घेतले: तीन वजा दहा, उणे सात. या उदाहरणात आता पन्नास वानरांना जागा नव्हती.