पाच वर्षांचा परतावा, पण कोणती पाच वर्षं?

म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात पाच वर्षांचा परतावा एकाच आकड्यात छापलेला असतो. हा आकडा दोनच दिवसांच्या एनएव्हीवर ठरतो: आजच्या आणि बरोबर पाच वर्षांपूर्वीच्या. मधल्या साऱ्या दिवसांची त्यात कुठे नोंद नसते.

निफ्टी ५० चंच पाहू. १४ जानेवारी २०२० ला निर्देशांक १२,३६० च्या आसपास होता, पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला ८,२८० च्या. म्हणजे वर्षाला ८.३ टक्क्यांच्या जवळपास वाढ. पुढच्या दहा आठवड्यांत करोनाने बाजार कोसळला आणि २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर आला. २३ मार्च २०१५ ला तो ८,५५० होता, म्हणजे पाच वर्षं थांबूनही एक लाखाचे ८९ हजार झाले. (लाभांश धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, पण फार नाही.) उलट २३ मार्च २०२१ ला मागच्या एका वर्षाचा परतावा ९५ टक्के दिसत होता, कारण मोजणीची सुरुवातच तळापासून झाली होती. जाहिरातीला असा दिवस सोन्यासारखा.

यावर उपाय म्हणजे रोलिंग रिटर्न. एकच तारीख न धरता उपलब्ध असलेल्या प्रत्येक दिवशी विचारायचं, की बरोबर पाच वर्षांपूर्वी पैसे टाकले असते तर आज वर्षाला किती टक्के मिळाले असते? दहा वर्षांच्या एनएव्ही असतील तर अशी साधारण बाराशे उत्तरं मिळतात.

हे घरच्या एक्सेलमध्ये करता येतं. अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर प्रत्येक योजनेच्या जुन्या एनएव्ही मिळतात. ग्रोथ पर्यायच घ्यायचा, कारण आयडीसीडब्ल्यूमध्ये रक्कम वाटली की एनएव्ही तेवढी खाली येते आणि तो खड्डा तोट्यासारखा दिसतो. A रकान्यात तारखा, B मध्ये एनएव्ही, जुनी तारीख सर्वांत वर. मग C रकान्यात, पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या एखाद्या ओळीत, हे सूत्र:

```
=(B1500/VLOOKUP(EDATE(A1500,-60),$A$2:$B$6000,2,TRUE))^(1/5)-1
```

`EDATE` साठ महिने मागची तारीख काढतं. ती रविवारी किंवा सुट्टीला आली तर `TRUE` मुळे आधीच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही घेतली जाते. सूत्र खालपर्यंत ओढलं आणि सगळीकडे `#N/A` आलं, तर बहुधा तारखा मजकूर म्हणून उतरल्या आहेत. अशा तारखा रकान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतात. शेवटी त्या रकान्यावर `MAX`, `MIN` आणि `MEDIAN` लावायचं.

तिन्हींपैकी `MAX` कडे मी सर्वांत कमी बघतो. तो एखाद्या तळापासून मोजलेला असतो आणि त्या तळाला पैसे टाकणारे फार नसतात. मध्यक सांगतो की निम्म्या वेळा याहून जास्त मिळालं, निम्म्या वेळा कमी; अपेक्षा ठेवायची तर या आकड्याची. `MIN` वरून कळतं, की मुलीच्या शिक्षणाची फी ठरल्या महिन्यातच भरायची असेल तर वाईटात वाईट काय हाती आलं असतं.

पण हा `MIN` सुद्धा फसवा असू शकतो. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाले, त्यामुळे त्यांच्या एनएव्हीत २००८ ची पडझड नाहीच. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२८० वर होता आणि पाच वर्षांनी सहा हजारांच्या आसपास. ही पाच वर्षं डायरेक्ट प्लॅनच्या तक्त्यात दिसणार नाहीत; त्यासाठी त्याच योजनेच्या रेग्युलर प्लॅनच्या जुन्या एनएव्ही घ्याव्या लागतात. शिवाय सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या आदेशानंतर अनेक योजनांचं स्वरूप बदललं. नाव तेच, पण आधीचे आकडे निराळ्या धोरणाचे, असंही होतं.

दुसरी अडचण मोजणीतलीच आहे. बाराशे उत्तरं म्हणजे बाराशे स्वतंत्र अनुभव नव्हेत. आजच्या पाच वर्षांत आणि कालच्या पाच वर्षांत दोन टोकांचे दिवस सोडले तर सगळं सारखंच असतं. दहा वर्षांत एकमेकांवर न चढणारे पाच वर्षांचे तुकडे फक्त दोन निघतात. म्हणून ‘९५ टक्के वेळा नफा’ असं कोणी सांगितलं, तर ती भविष्याची शक्यता नव्हे, त्या दोन तुकड्यांचीच हकिकत आहे.

आणि हा सगळा हिशेब एकरकमी गुंतवणुकीचा आहे. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याचा काळ वेगळा असतो, तिथे `XIRR` वापरावं लागतं. दोन फंडांची तुलना करायची असेल तर दोन्हींसाठी तीच सुरुवातीची तारीख आणि तीच मुदत घ्या. नाहीतर ज्याचा जन्म २००८ नंतरचा, तोच फंड उजवा ठरेल.