'त्यू' की 'वू'?

फ्रेंच शिकताना मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात हायसं वाटतं. 'त्यू' म्हणजे तू, 'वू' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत नसलेली सोय इथे आहे. पण फ्रान्समध्ये राहायला गेल्यावर हाच घरचा हिशेब अडचणीत आणतो.

आपल्याकडे काका पुतण्याला 'अरे' म्हणतात आणि पुतण्या त्यांना 'तुम्ही' म्हणतो. साहेब शिपायाला एकेरीत हाक मारतो आणि उत्तर मात्र आदरार्थी येतं. यात दोघांनाही वावगं वाटत नाही. फ्रान्समध्ये दोन प्रौढ माणसांत असा एकतर्फी व्यवहार सहसा चालत नाही. मी तुम्हाला 'त्यू' म्हणत असेन, तर तुम्हीही मला 'त्यू'च म्हणायचं. लहान मुलं आणि मोठी माणसं हा मुख्य अपवाद. म्हणूनच पोलिसांनी रस्त्यावरच्या तरुणांना 'त्यू' म्हणणं हा तिथे तक्रारीचा विषय आहे. २०१४ पासून लागू असलेल्या आचारसंहितेनुसार नागरिकांशी बोलताना पोलिसांनी 'वू'च वापरायचं असतं.

हे लक्षात आलं की दुकानातली गोष्ट आपोआप सुटते. पावाच्या दुकानात गल्ल्यावर अठरा-वीस वर्षांची मुलगी असते. आपल्या जिभेवर सहज 'तू' येतं. वयाने एवढी लहान, त्यात काय? पण तिथे तो अपमान आहे, कारण ती तुम्हाला उलट 'त्यू' म्हणू शकत नाही. आत शिरताच 'बोंझूर' म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं आणि शेवटी 'सिल वू प्ले' जोडायचं. या 'कृपया'मध्येही 'वू' आहेच. मित्राला तेच 'सिल त प्ले' होतं. हॉटेलातल्या वेटरलाही हाच नियम.

खरी परीक्षा कचेरीत होते. समजा, पुण्याचा एक इंजिनियर लियोंच्या कंपनीत रुजू झाला. मुलाखत 'वू'मध्ये झाली, पत्रव्यवहारही. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरची क्लेर म्हणते, "ऑं प स त्यूत्वाये?" म्हणजे आपण एकमेकांना 'त्यू' म्हणूया का? याला 'हो' म्हणायचं. नकार फार कोरडा वाटतो. हा प्रस्ताव साधारणपणे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो, म्हणून नवख्याने वाट पाहिलेली बरी. संगणक क्षेत्रातल्या कंपन्यांत तर अनेकदा न विचारताच सगळे 'त्यू'वर असतात.

इथेच आपला माणूस अडखळतो. पंचावन्न वर्षांचे विभागप्रमुख त्याला 'त्यू' म्हणायला सांगतात, तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी संकोचाने पुन्हा 'वू' म्हणतो. त्याच्या मनात आदर असतो. त्यांना वाटतं, याचं काहीतरी बिनसलं. एकदा 'त्यू'वर आल्यावर मागे फिरणं म्हणजे नातं तोडल्याची खूण. तेव्हा जीभ वळत नसेल, तर सवय व्हायला वेळ लागेल असं सरळ सांगून टाकावं. एक मधली वाटही सर्रास चालते: नुसतं पहिलं नाव घ्यायचं, क्रियापद मात्र 'वू'चं. "क्लेर, तुम्ही तो अहवाल पाहिलात का?" हे तिथे अगदी नैसर्गिक आहे.

घरमालकाशी प्रश्नच नाही. पाच वर्षं भाडं भरलं, जिन्यात रोज गप्पा झाल्या, तरी 'वू' टिकू शकतं आणि त्यात दुरावा नसतो. घर वाटून घेणाऱ्या समवयस्क भाडेकरूंमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून 'त्यू'.

नातेवाइकांत आपला अंदाज बरोबर उलटा पडतो. आज बहुतेक फ्रेंच घरांत नातवंडं आजोबांनाही 'त्यू' म्हणतात. तिथे 'वू' म्हटलं तर आजोबा दुखावतील. काही जुन्या खानदानी घरांत मुलं आईवडिलांना 'वू' म्हणतात, आणि माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक व त्यांच्या पत्नी बेर्नादेत एकमेकांना 'वू' म्हणत हे सर्वश्रुत आहे. पण ते अपवाद. लग्न करून फ्रेंच घरात गेलेल्या मराठी मुलीने सासूसासऱ्यांशी 'वू'ने सुरुवात करावी आणि 'त्यू'चं आमंत्रण त्यांच्याकडून येऊ द्यावं. काही घरांत ते पहिल्याच जेवणात येतं, काहींत कधीच येत नाही.

आणि अंदाजच येत नसेल तर? फ्रेंच लोक स्वतःही अशा वेळी सर्वनामच टाळतात. 'तू कसा आहेस'ऐवजी नुसतं 'सा व्हा?' म्हणायचं. 'उद्या येशील का'ऐवजी 'ऑं स व्ह्वा दमँ?' म्हणजे उद्या भेटायचं का, असं विचारायचं. समोरचा उत्तरात 'ए त्वा?' म्हणाला की 'त्यू' ठरलं, 'ए वू?' म्हणाला की 'वू'.