सात वर्षांची नोकरी गेली कुठे?

भाऊसाहेबांची पेन्शन सुरू झाली ती महिना २,७३४ रुपयांनी. खाजगी कारखान्यांच्या ऑफिसात कारकुनी करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. पगारातून पीएफ कापला गेला नाही, असा एकही महिना त्यांना आठवत नव्हता. मग एवढीच पेन्शन कशी? आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवलेल्या माणसाने स्वतःचा हिशेब कागदावर मांडला. पेन्शनच्या आदेशात सेवा अठराच वर्षांची धरलेली होती. १९९८ ते २००५ ही पहिल्या कारखान्यातली सात वर्षं त्यात कुठेच नव्हती.

भाऊसाहेब हे काही एकाच माणसाचं नाव नव्हे. पीएफ कार्यालयाच्या पेन्शन विभागात अशी प्रकरणं नेहमी येतात. त्यांतलं नेहमीचं घडतं ते एकत्र करून हे उदाहरण मांडलं आहे. आकडे मात्र नियमांप्रमाणे चोख आहेत.

खाजगी नोकरीतल्या माणसाला मिळते ती कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची पेन्शन. तिचं गणित सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी; पण तिला मर्यादा आहे. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेसाठी जास्तीत जास्त ६,५०० रुपये आणि त्यानंतरच्या सेवेसाठी १५,००० रुपये. भाऊसाहेबांचा पगार शेवटी त्याहून जास्त असल्यामुळे दोन्हीकडे मर्यादेचाच आकडा लागला.

दुसऱ्या कारखान्यात ते १ जून २००५ ला लागले आणि ३१ मे २०२३ ला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. २०१४ च्या आधीची सव्वानऊ वर्षं धरून ८५९ रुपये, नंतरची पावणेनऊ वर्षं धरून १,८७५ रुपये. बेरीज २,७३४. म्हणजे कार्यालयाचं गणित बरोबर होतं. ज्या सेवेवर ते केलं, ती सेवाच अपुरी होती.

गेलेली सात वर्षं जमेस धरली, तर ६५० रुपये वाढतात. शिवाय सेवा वीस वर्षांची झाली की नियमाने दोन वर्षं वरून मिळतात. अठरा वर्षांवर ती मिळत नाहीत, पंचवीसवर मिळतात. या दोन वर्षांचे कमीत कमी १८६ रुपये धरले, तरी पेन्शन ३,५७० पर्यंत जाते. महिन्याला आठशेहून अधिक रुपयांचा फरक, आणि तोही हयातभर.

कागदांची पिशवी घेऊन भाऊसाहेब पेन्शन कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद बघण्याआधी एकच विचारलं, "काका, पहिली नोकरी सोडल्यावर दहा-सी भरला होता का?"

सगळं प्रकरण याच प्रश्नावर उभं असतं. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला पीएफची रक्कम फॉर्म १९ भरून काढता येते आणि पेन्शनचा वाटा फॉर्म १०-सी भरून. १०-सीने पैसे घेतले की त्या सेवेचा हिशेब कायमचा मिटतो. ती वर्षं पुन्हा मोजली जात नाहीत. मात्र त्याच फॉर्मवर पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं. ते घेतलं असेल, तर सेवा शाबूत राहते.

भाऊसाहेबांनी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यांनी फॉर्म १३ भरून जुना पीएफ नव्या खात्यात वळवला होता. पुरावा पिशवीतच होता: दुसऱ्या कारखान्यातून मिळालेली पीएफची वार्षिक स्लिप, कडा पिवळ्या पडलेली, घडीवर फाटलेली. तिच्यावर त्या वर्षाच्या वर्गणीशिवाय जुन्या खात्यातून आलेली मोठी रक्कम वेगळी दाखवलेली होती.

"पैसे आलेत, पण सेवा आलेली नाही," बाई म्हणाल्या.

हे कसं होतं? कंपनी भरते त्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. हा फंड सगळ्यांचा मिळून एक असतो, त्यामुळे खातं बदललं तरी हे पैसे पीएफसारखे माणसामागे फिरत नाहीत. फिरायची असते ती फक्त माहिती: कधी लागला, कधी सोडलं, बिनपगारी दिवस किती. जुनं कार्यालय ती 'अनेक्शर के' नावाच्या कागदावर लिहून नव्या कार्यालयाला पाठवतं. भाऊसाहेबांच्या अनेक्शर के वर रक्कम होती आणि सेवेचे रकाने कोरे होते. यूएएन आला २०१४ मध्ये. त्याआधी प्रत्येक नोकरीला नवा पीएफ नंबर मिळायचा आणि दोन नंबरांना जोडणारा दुवा म्हणजे हाच कागद.

आता जुन्या कार्यालयाकडून सेवेचा तपशील नव्याने मागवायचा होता. कंपन्या दरमहाचं विवरण ऑनलाइन भरू लागल्या २०१२ पासून. त्याआधीची नोंद कागदावरच असे: प्रत्येक कामगाराच्या वर्षभराच्या वर्गणीचा फॉर्म ३-ए आणि सगळ्या कारखान्याचा गोषवारा म्हणजे ६-ए. त्यातून नाव शोधायचं तर जुना पीएफ नंबर हवा. तो स्लिपवर होता. पण नाव होतं आडनाव आधी आणि पुढे दोन आद्याक्षरं, तर आधारवर पूर्ण नाव. हा माणूस तोच, हे ठरवण्यासाठी संयुक्त घोषणापत्र लागतं. त्यावर सभासदाची आणि मालकाची, दोघांची सही हवी.

पहिला कारखाना तर केव्हाच बंद पडला होता. अशा वेळी मालकाऐवजी नियमांत ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाची सही चालते. राजपत्रित अधिकारी हा त्यांतला नेहमीचा. सोबत भाऊसाहेबांनी नेमणुकीचं पत्र, कार्यमुक्तीचं पत्र आणि १९९९ ची पगारपावती जोडली. पगारपावतीचा उपयोग सर्वांत जास्त झाला, कारण तिच्यावर पीएफची कपात आणि पीएफ नंबर एकाच ओळीत छापलेले होते.

अर्जाची पोच त्यांनी शिक्क्यासह घेतली आणि हीच तक्रार ऑनलाइन पोर्टलवरही नोंदवून ठेवली. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' हे शिबिर भरतं. पुढची विचारपूस त्यांनी तिथेच केली. जुन्या कार्यालयातून ३-ए निघाले, दुरुस्त अनेक्शर के आलं आणि पेन्शनचा आदेश सुधारून मिळाला. निवृत्तीला तोवर दोन वर्षं झाली होती. त्या काळातला फरक, साधारण वीस हजार रुपये, थकबाकी म्हणून बँकेत जमा झाला.

पहिल्या कारखान्यात त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारे सहकारीही हे ऐकून कार्यालयात गेले. त्यांचीही सातच वर्षं होती आणि ३-ए तर एकाच गठ्ठ्यात होते. पण त्यांनी २००५ मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी १०-सी भरून पैसे उचलले होते. त्यांचा अर्ज खिडकीवरूनच परत आला. नंतरच्या नोकरीत त्यांची नऊच वर्षं भरली. मासिक पेन्शनला किमान दहा लागतात, त्यामुळे त्यांना मासिक पेन्शन मिळालीच नाही. २००५ मध्ये पैशांऐवजी सर्टिफिकेट घेतलं असतं, तर सोळा वर्षं झाली असती.