घरबसल्या टायपिंग : पैसे भरण्याआधी करार वाचा

‘घरबसल्या डेटा एंट्री करा, दहा दिवसांत २० हजार कमवा’ अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. माझा व्यवसाय टंकलेखन शिकवण्याचा. त्यामुळे नोंदणी फी भरावी का, हे विचारायला अनेक जण माझ्याकडे येतात. मी म्हणतो, आधी करार दाखवा. खरी मेख तिथेच असते.

माझ्याकडे शिकलेल्या एका गृहिणीने असा करार आणला, पण फी भरून झाल्यावर. नोंदणीचे २,५०० रुपये. काम असे की, ५०० पानांची चित्रे येणार, ती पाहून मजकूर टाईप करायचा. पानाला ४० रुपये, मुदत दहा दिवस. एका पानावर साधारण २५० शब्द, म्हणजे एकूण सव्वा लाख शब्द. टंकलेखन परीक्षेतल्या मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने याला जवळजवळ ७० तास लागतात. रोज सात तास बसले तर जमेल. वेळेचा हिशेब बसतो, म्हणूनच माणूस फसतो.

अडचण पुढच्या कलमात होती. ‘९० टक्के अचूकता हवी, ज्या पानात एक जरी चूक असेल ते पान चुकीचे धरले जाईल.’ ९० टक्के ऐकायला सोपे वाटते. पण समजा, तुमची हजार शब्दांत एकच चूक होते. याहून स्वच्छ टायपिंग फार थोड्यांचे असते. तरी सव्वा लाख शब्दांत १२५ चुका होणार. त्या पानापानांवर विखुरल्या, की सुमारे ११० पाने बाद. अचूकता उरली ७८ टक्के! म्हणजे शब्दांच्या हिशेबाने ९९.९ टक्के बरोबर असलेला माणूसही नापास. त्यात चित्रे मुद्दाम पुसट असतात. इंग्रजी एल आणि एक, ओ आणि शून्य यांतला फरक कळत नाही. चुका मोजणारे तेच, आणि मोजलेली पाने दाखवायला ते बांधील नाहीत.

त्या बाईंनी रात्री जागून काम पूर्ण केले. मोबदला आला नाहीच, उलट वकिलाच्या नावाने नोटीस आली : करारभंग केला, ५,८०० रुपये भरा, नाहीतर कोर्टात खेचू. अशा धंद्याची कमाई टायपिंगमधून होतच नाही. ती फीमधून आणि या भीतीमधून होते. नाहीतर विचार करा, छापील पानाच्या चित्रातून मजकूर काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना पानाला ४० रुपये कोण देईल?

मग पारख कशी करायची? पहिली कसोटी : ‘फी माझ्या पहिल्या मोबदल्यातून कापून घ्या,’ असे सांगा. ज्याला काम करून घ्यायचे आहे, त्याला हे सहज परवडते; ज्याला फीच हवी आहे, तो कारणे सांगू लागतो. दुसरी : एक पान नमुन्यादाखल टाईप करून द्या आणि चुका खुणा करून परत मागा. तिसरी : वेबसाइटचे नाव कधी नोंदले गेले, ते ‘हूइज’ या सोयीने पाहता येते. दहा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्यांचे नाव तीन महिन्यांपूर्वीचे असेल, तर उत्तर मिळालेच.

प्रमाणपत्रांना भुलू नका. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी स्वतःच दिलेल्या माहितीवर, ऑनलाइन आणि फुकट होते. त्यावरून मालक प्रामाणिक आहे, हे सिद्ध होत नाही.

पैसे भरून झाले असतील आणि नोटीस आली असेल, तर घाबरू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो तसाच वसूल होत नाही. कोर्ट फक्त वाजवी भरपाई देते, तीही त्या आकड्याच्या आतच. मात्र कोर्टाचे समन्स खरोखरच आले, तर दुर्लक्ष न करता वकिलाला दाखवा. करार, पैसे भरल्याचा पुरावा आणि सारे संदेश जपून ठेवा. १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे गेल्यावर काही तासांत कळवले, तर समोरच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती कमी होते.

त्या बाईंनी ५,८०० रुपये भरले नाहीत, तक्रार केली. आधीचे २,५०० मात्र परत आले नाहीत. करारातले अचूकतेचे ते एक कलम फी भरण्याआधी वाचले असते, तर तेही वाचले असते.