शिफारसपत्र मागावं कसं?

बँकेत असताना आमच्याकडे एक गोपनीय लिफाफा यायचा. दुसरी एखादी बँक आमच्या ग्राहकाबद्दल मत विचारायची : माणूस कसा आहे, व्यवहार कसे आहेत? उत्तराची भाषा ठरलेली असे. ‘व्यवहार समाधानकारक आहेत’ एवढं एक वाक्य गेलं, की वाचणारा मुरलेला मॅनेजर काय ते समजून घ्यायचा. लिहिणाऱ्याला एक तर काही माहीत नाही, किंवा माहीत आहे ते लिहायचं नाही!

परदेशी विद्यापीठांकडे जाणारी प्राध्यापकांची शिफारसपत्रं नेमकी याच नजरेनं वाचली जातात. ‘विद्यार्थिनी हुशार, मेहनती आणि आज्ञाधारक आहे’ हे वाक्य त्या प्रवेश समितीनं हजारदा वाचलेलं असतं. त्यातून तिला काहीच कळत नाही. गंमत अशी, की असलं पत्र लिहिणारे सर बहुतेक वेळा मनानं उदार असतात. त्यांच्यापाशी फक्त तपशील नसतो. वर्षाला शंभर-सव्वाशे मुलं हाताखालून जातात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत काय केलं, हे त्यांना आठवावं तरी कसं? ते आठवून देणं हे मागणाऱ्याचं काम.

माझ्या एका भाचीची गोष्ट सांगतो. सांगलीकडची मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअर. अमेरिकेत एम. एस.साठी अर्ज करायचे होते. तिकडे बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं मागतात. तिनं सरांना लिहिलेला पहिला मसुदा मला दाखवला : ‘आदरणीय सर, मी उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहे. कृपया शिफारसपत्र द्यावे, ही नम्र विनंती.’ मी तिला म्हटलं, ‘अगं, हा कर्जाचा अर्ज असता तर मी परत केला असता. किती, कशासाठी, केव्हापर्यंत, काहीच नाही!’

मग मामा-भाची बसलो. तिनं पुन्हा लिहिलं ते इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर ते साधारण असं होतं :

‘सर, मी २०२३च्या तुकडीतली. तिसऱ्या वर्षी आपल्याकडे हीट ट्रान्स्फर शिकले आणि शेवटच्या वर्षी बेदाण्याच्या सोलर ड्रायरचा प्रकल्प आपल्या मार्गदर्शनाखाली केला. येत्या वर्षी एम. एस.साठी चार विद्यापीठांत अर्ज करते आहे. आपण माझं काम जवळून पाहिलं आहे. माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येईल असं आपल्याला वाटत असेल, तर शिफारसपत्र द्याल का? वेळ नसेल किंवा दुसरे कुणी अधिक योग्य वाटत असतील, तर तसं सांगावं. मी जरूर समजून घेईन.

पहिली मुदत १५ डिसेंबरची आहे. आपण होकार दिलात, की मी अर्जात आपला कॉलेजचा ईमेल पत्ता भरीन. मग प्रत्येक विद्यापीठाकडून आपल्याला एक लिंक येईल आणि पत्र तिथेच अपलोड करायचं असेल. चारही नावं, अभ्यासक्रम आणि तारखा सोबतच्या तक्त्यात आहेत.

आपल्याला आठवावं म्हणून : आम्ही चौघे होतो. ड्रायरचा सांगाडा इतर तिघांनी बांधला. तापमानाची मोजणी आणि हिशेब माझ्याकडे होता. वरच्या ट्रेचं तापमान खालच्यापेक्षा ११ अंशांनी जास्त दिसत होतं. थर्मोकपलच्या टोकावर थेट ऊन पडत असल्यानं आकडा फुगत असावा, अशी मला शंका आली. टोकांवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा केल्यावर फरक ४ अंशांवर आला. आधीची सगळी मोजणी रद्द करून आम्ही तीन दिवस पुन्हा आकडे घेतले. आपण तेव्हा माझी वही मागून पाहिली होती.

चौथ्या सत्रात माझे गुण घसरले होते. तेव्हा मी दोन महिने आजारी होते. उद्देशपत्र, गुणपत्रिका आणि प्रकल्प अहवालाची ती चार पानं जोडली आहेत.’

आता या पत्रात विशेषणं किती आहेत ते मोजा. स्वतःबद्दल एकही नाही. हुशार म्हणायचं की चिकाटीची, ते सरांनी ठरवायचं. तिनं फक्त त्या ठरवण्याला आधार दिला. इतर तिघांनी काय केलं हेही लिहिलं, त्यामुळे उरलेल्या दाव्यावर विश्वास बसतो. आणि नकाराला वाट ठेवली. ती वाट फार मोलाची, कारण भिडेखातर लिहिलेलं कोमट पत्र हे पत्र नसण्याइतकंच वाईट.

यातला तपशील आणखी एका कारणासाठी लागतो. पत्राबरोबर सरांना पुष्कळदा एक फॉर्मही भरावा लागतो. या विद्यार्थिनीला किती काळ ओळखता, कोणत्या नात्यानं, तुम्ही शिकवलेल्या मुलांत ती वरच्या पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? गुण आणि वर्ष समोर असलं, की या रकान्यांपाशी पेन अडत नाही.

आपल्याकडे यावर एक सोपा उपाय रूढ आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मुलंही खूश होतात. पण एकाच हातानं लिहिलेली तीन पत्रं एका फायलीत शेजारी पडतात, तेव्हा तेच लाडके शब्द, तीच वाक्याची वळणं तिन्हीकडे दिसतात आणि पितळ उघडं पडतं. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःची इतर मुलांशी तुलना करता येत नाही आणि समितीला तर तीच हवी असते. तेव्हा सरांनी असं म्हटलंच, तर ‘मुद्दे सविस्तर देते सर, पत्र आपल्या शब्दांत असावं’ असं नम्रपणे सांगावं. तिन्ही गुरुजनांना एकच मजकूरही पाठवू नये. भाचीनं प्रकल्पाची हकीकत या सरांना दिली, गणिताच्या मॅडमना त्यांच्या वर्गातली, तर इंटर्नशिपच्या साहेबांना कारखान्यातली.

अर्जात एक चौकट असते : हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेत १९७४च्या एका कायद्यानं, प्रवेश घेऊन दाखल झालेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. बहुतेक जण शिफारसपत्रापुरता तो सोडतात, कारण गोपनीय पत्राला वजन अधिक. आमच्या त्या बँकेच्या लिफाफ्यासारखंच!

राहता राहिली वेळ. मुदतीच्या निदान महिनाभर आधी विचारावं. अमेरिकेतल्या अनेक मुदती डिसेंबर-जानेवारीत येतात आणि नेमक्या तेव्हाच आपल्या कॉलेजात परीक्षांची धांदल असते. आठवडाभर आधी दोन ओळींची आठवण द्यावी, त्यात तारखांचा तक्ता पुन्हा जोडावा. जुना ईमेल शोधायला लावू नये.

विनंती जमली की नाही, हे सरांच्या उत्तरावरून कळतं. ‘तुझा प्रकल्प कोणता होता गं?’ असं विचारलं, तर काहीतरी राहिलं. भाचीला उत्तर आलं ते एका ओळीचं : ‘ते थर्मोकपल चांगलं आठवतंय, रविवारी लिहितो.’